सहाशे स्ट्रिपची मर्यादा आणि चौदा रिकामे दिवस : सांगलीतील एका औषध वितरकाच्या राखीव साठ्याचा प्रकरण अभ्यास

सांगलीतील एका औषध वितरकाकडे अमॉक्सिसिलिन–क्लॅव्हुलॅनिक ॲसिड ६२५ या प्रतिजैविकाचा एक ब्रँड चांगला चालतो. जानेवारी ते जून या काळातील कामाच्या १५० दिवसांपैकी १४ दिवस या ब्रँडची एकही स्ट्रिप गोदामात नव्हती. मालकांचे म्हणणे असे होते की माल भरण्यात कसूर होत नाही. दर सोमवारी हातातील आणि वाटेवरचा माल मिळून सहाशे स्ट्रिप होतील एवढी ऑर्डर भिवंडीच्या सी अँड एफ एजंटकडे, म्हणजे कंपनीचा माल साठवून वितरकांना पाठवणाऱ्याकडे जाते, आणि रोजची विक्री पन्नास स्ट्रिप धरली तर सहाशे म्हणजे पूर्ण बारा दिवसांची बेगमी होते. ऑर्डर दिल्यापासून माल यायला सरासरी सहा दिवस लागत असताना बारा दिवसांची बेगमी कमी का पडावी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या मुलाने संगणकावर सूत्र मांडून ४१९ स्ट्रिपचा राखीव साठा काढला होता, पण एवढा साठा एका मालात ठेवायला मालक तयार नव्हते. त्यांचा आकडा कमी होता, तर मुलाचा आकडा चुकीच्या कारणांनी जास्त होता. या नोंदीत त्याच एका मालाचा हिशेब शेवटपर्यंत मांडला आहे. आकडे गोल केले आहेत आणि दिवस सर्वत्र कामाचे आहेत, म्हणजे आठवड्याचे सहा.

राखीव साठा, ज्याला व्यापारात सर्रास सेफ्टी स्टॉक म्हणतात, तो सरासरीसाठी नसतो. सरासरी खप भागवणारा माल वेगळा, आणि खप सरासरीपेक्षा जास्त झाला किंवा गाडी सरासरीपेक्षा उशिरा आली तर लागणारा माल वेगळा. मालकांच्या सहाशे स्ट्रिपमध्ये या दुसऱ्या मालासाठी जागाच ठेवलेली नव्हती, कारण सोमवारी ऑर्डर दिल्यावर पुढची संधी पुढच्या सोमवारी मिळते आणि तेव्हा मागवलेला माल त्यानंतर सहा दिवसांनी हाती येतो. आजच्या ऑर्डरीने जो काळ निभवायचा असतो तो सहा दिवसांचा नसून सहा अधिक सहा, म्हणजे बारा दिवसांचा असतो. बारा दिवसांच्या खपाएवढाच माल ठेवला तर निम्म्या वेळा तो अपुरा पडणार, हे उघड आहे. ऑर्डरीचे अंतर हिशेबात न धरणे ही या धंद्यातील फार जुनी चूक आहे. मुलाने मात्र ते धरले होते, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

विक्री म्हणजे मागणी नव्हे

मुलाने बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून १५० दिवसांची विक्री काढली. एकूण ७,५१२ स्ट्रिप, म्हणजे दिवसाला सुमारे ५०, आणि रोजच्या आकड्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ६४. सरासरी ५० आणि विचलन ६४ हे पाहताच थबकायला हवे होते, कारण विक्री शून्याच्या खाली जात नाही, आणि सरासरीपेक्षा विचलन मोठे असेल तर त्या स्तंभात दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत असेच समजावे. बिले एकेक करून पाहिली तेव्हा तसेच निघाले. मिरजेतील तीन रुग्णालयांच्या औषध दुकानांनी मिळून सहा वेळा प्रत्येकी ३०० स्ट्रिप उचलल्या होत्या. उरलेल्या ५,७१२ स्ट्रिप तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस आणि शहरातल्या केमिस्टांकडे पाच, दहा, वीस अशा गेल्या होत्या.

दुसरी गोष्ट त्या चौदा दिवसांची. त्या दिवशी विक्री शून्य होती, पण मागणी शून्य नव्हती. माल नसल्यामुळे ती बिलावर आली नाही, एवढेच. असे शून्य सरासरीत धरले की मागणी खरी आहे त्यापेक्षा कमी दिसते, कमी दिसल्यामुळे ऑर्डर कमी जाते, आणि कमी ऑर्डरीमुळे पुन्हा शून्याचे दिवस येतात. म्हणून ते चौदा दिवस वगळून उरलेल्या १३६ दिवसांवर किरकोळ विक्री भागली. दिवसाला ४२ स्ट्रिप आल्या आणि त्यांचे विचलन २० आले. मुलाच्या ६४ पैकी बराचसा भाग त्या सहा मोठ्या बिलांचा होता.

चौदा दिवसांतील न भागलेली मागणी काउंटरवरच्या शॉर्ट बुकातून काढता येईल असे मालकांनी सुचवले, आणि वही आणून पुढे ठेवली. लाल शाईत तासगावच्या एका केमिस्टाची नोंद मंगळवारी दहा स्ट्रिप, बुधवारी दहा आणि गुरुवारी पुन्हा दहा अशी होती. ती तीस स्ट्रिपची मागणी नव्हती. त्याच दहा स्ट्रिपसाठी त्याने तीनदा फोन केला होता, आणि बहुधा तेवढ्याच स्ट्रिप दुसऱ्या दोन वितरकांकडेही मागितल्या होत्या. शॉर्ट बुक वाचायचे तर माल कोणत्या दिवशी संपला हे कळण्यासाठी वाचावे. त्यातील बेरीज मागणी म्हणून धरली तर चूक उलट्या बाजूला होते.

रुग्णालयांच्या तीनशे स्ट्रिपसाठी राखीव साठा ठेवण्याचा विचार सोडून दिला. महिन्याभरात एखाद्या वेळी येणाऱ्या मोठ्या मागणीसाठी रोज तीनशे स्ट्रिप अडकवून ठेवण्यापेक्षा ती मागणी आधी कळवून घेणे स्वस्त पडते. दोन रुग्णालयांच्या खरेदी विभागांनी दहा दिवस आधी मागणी कळवायचे मान्य केले. त्यांचा माल आता सोमवारच्या ऑर्डरीत वेगळा लिहिला जातो आणि आला की थेट त्यांच्या नावावर बिल होतो. तिसऱ्याने तसे बंधन घेतले नाही. त्याला त्याच दिवशी शंभर स्ट्रिप आणि उरलेल्या पुढच्या गाडीतून, असे ठरले. शिवाय या मालाचे साठ स्ट्रिपच्या वरचे कोणतेही बिल मालकांना विचारल्याशिवाय करायचे नाही, अशी सूचना काउंटरवर दिली. त्यामुळे केमिस्टांसाठी ठेवलेला राखीव साठा एका दुपारी एकाच टेम्पोत निघून जाण्याचा प्रकार थांबला.

उशीर कोणाचा

पुरवठ्याच्या काळाबद्दल मुलाकडे आकडा होता, पण तो कंपनीच्या प्रतिनिधीने तोंडी सांगितलेल्या चार ते आठ दिवसांवरून अंदाजाने धरलेला होता. योगायोगाने तो बरोबर निघाला. आम्ही ऑर्डरीची तारीख आणि माल बिलिंगला उपलब्ध झाल्याची तारीख यांच्यातील अंतर प्रत्येक ऑर्डरीसाठी मोजले. खोके ट्रान्सपोर्टच्या गोदामात आले की माल आला असे समजण्याची सवय असते. पण ते सोडवून आणणे, बॅच आणि एक्स्पायरी तपासणे, खरेदीची नोंद करणे यांत एक दिवस सहज जातो, आणि नोंद होईपर्यंत काउंटरवरच्या संगणकाला माल शून्यच दिसतो.

सहा महिन्यांत पंचवीस सोमवार आले, पण ऑर्डरी वीसच गेल्या. पाच सोमवार सुटले याचे कारण शोधायला थोडा वेळ लागला. सी अँड एफकडे माल कमी असला की दोनशेच्या जागी एकशेवीस स्ट्रिप येतात, आणि उरलेल्या ऐंशी तिकडे रद्द होतात. वितरकाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र त्या ऐंशी ‘येणे बाकी’ म्हणून तशाच उभ्या राहतात. असे दोनतीनदा झाले की वाटेवर दोनशे स्ट्रिप असल्याचे दिसते, प्रत्यक्षात एकही नसते, आणि सोमवारी संगणक सांगतो की सहाशे पूर्ण आहेत. आता माल कमी आला की त्याच दिवशी उरलेली ऑर्डर हाताने बंद केली जाते. हे केल्याशिवाय पुढच्या सगळ्या हिशेबाला काही अर्थ राहिला नसता.

वीस ऑर्डरींपैकी सहा चार दिवसांत, सात पाच दिवसांत आणि तीन सहा दिवसांत आल्या. उरलेल्या चार ९, १०, ११ आणि १२ दिवसांनी आल्या. सरासरी सहा दिवस आणि विचलन अडीच दिवस. सोळा ऑर्डरी घड्याळासारख्या चालतात आणि चार पार बिघडतात, ही गोष्ट ‘सरासरी सहा’ या शब्दांत दिसत नाही, पण पुढे हाच मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

स्वच्छ केलेले आकडे घेऊन नेहमीचे सूत्र स्प्रेडशीटमध्ये असे लिहिता येते. B2 मध्ये रोजची मागणी ४२, B3 मध्ये दोन ऑर्डरींतील अंतर ६, B4 मध्ये पुरवठ्याचा सरासरी काळ ६, B5 मध्ये मागणीचे विचलन २०, B6 मध्ये हवी ती सेवा-पातळी ०.९५ आणि B7 मध्ये पुरवठ्याच्या काळाचे विचलन २.५ भरावे.

```
=B2*(B3+B4)+NORM.S.INV(B6)*SQRT((B3+B4)*B5^2+B2^2*B7^2)
```

उत्तर सुमारे ७११ येते, म्हणजे मालकांच्या सहाशेच्या जागी ठेवायची मर्यादा. त्यातील ५०४ स्ट्रिप बारा दिवसांच्या सरासरी खपाच्या आणि २०७ राखीव. वर्गमुळाच्या आतील दोन पदे वेगळी पाहिली तर पहिले, मागणीच्या चढउताराचे, ४,८०० आहे आणि दुसरे, पुरवठ्याच्या अनिश्चिततेचे, ११,०२५ आहे. म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के अनिश्चितता गाडीची आहे आणि तीस टक्के गिऱ्हाइकाची. मालक सहा महिने केमिस्टांच्या लहरी खरेदीला दोष देत होते, पण हिशेबात तिचा वाटा लहान निघाला.

म्हणून त्या चार उशिरा आलेल्या ऑर्डरींची चौकशी केली. ९ आणि १० दिवसांच्या दोन ऑर्डरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या होत्या. महिनाअखेरीस कंपनीचे विक्रीचे उद्दिष्ट पुरे करण्यासाठी सी अँड एफचा माल वितरकांकडे ढकलला जातो, आणि नव्या महिन्याच्या आरंभी त्याची रॅक रिकामी असते. यावर वितरकाचा काही इलाज नाही. ११ आणि १२ दिवसांच्या ऑर्डरींची गोष्ट वेगळी होती. मागच्या बिलाची मुदत उलटली होती, धनादेश दोनतीन दिवस टेबलावरच राहिला होता, आणि पैसे जमा होईपर्यंत सी अँड एफच्या संगणकाने नवी ऑर्डर अडवून धरली होती. हा उशीर भिवंडीतला नव्हता, सांगलीतलाच होता. आता ऑर्डर जाण्याआधी शनिवारी त्या कंपनीचे देणे पाहिले जाते, आणि मुदत भरत आली असेल तर पैसे सोमवारी सकाळी ऑनलाइन पाठवले जातात.

त्या दोन ऑर्डरी अडल्या नसत्या तर पाच-पाच दिवसांत आल्या असत्या, असे धरून हिशेब पुन्हा केला. सरासरी ५.३ दिवसांवर आली, विचलन १.६ वर आले, आणि राखीव साठा २०७ वरून सुमारे १५६ वर उतरला.

पंचाण्णव टक्के कशाचे

येथवर आलो तेव्हा मालकांनी विचारले, “पंचाण्णव टक्के म्हणजे शंभर स्ट्रिप मागितल्या तर पंचाण्णव द्यायच्या, एवढंच ना?” बहुतेकांची समजूत अशीच असते, आणि सूत्रातील पंचाण्णव टक्क्यांचा अर्थ तो नसतो. सूत्र असे म्हणते की शंभर आठवड्यांपैकी पंचाण्णव आठवडे पुढचा माल येण्याआधी साठा संपणार नाही, आणि पाच आठवडे संपेल. त्या पाच आठवड्यांत किती स्ट्रिप कमी पडतील, याबद्दल ते काही बोलत नाही. आठवड्याच्या शेवटच्या दुपारी दोन स्ट्रिप कमी पडल्या काय आणि तीन दिवस गोदाम रिकामे राहिले काय, सूत्राच्या लेखी दोन्ही आठवडे सारखेच नापास.

फरक किती पडतो हे पहिल्या, म्हणजे दुरुस्तीपूर्वीच्या आकड्यांवर पाहू. राखीव साठा २०७ असताना दर आठवड्याला सरासरी अडीचतीन स्ट्रिप कमी पडतात आणि आठवड्याची मागणी २५२ आहे, म्हणजे मागितलेल्या मालापैकी सुमारे ९९ टक्के माल दिला जातो. याउलट मालकांच्या अर्थाचे पंचाण्णव टक्के हवे असतील, म्हणजे आठवड्याला बारातेरा स्ट्रिप कमी पडलेल्या चालणार असतील, तर राखीव साठा ११३ पुरतो. एकाच ‘पंचाण्णव टक्के’ या शब्दावर २०७ आणि ११३ असे दोन आकडे उभे राहतात. कंपनीचा अधिकारी, सनदी लेखापाल आणि दुकानाचा मालक एकाच टेबलावर बसून सेवा-पातळीबद्दल बोलत असतील, तर आधी प्रत्येकाने आपली व्याख्या कागदावर लिहावी, असे माझे मत आहे.

या मालासाठी आम्ही पहिली, आठवड्यांची व्याख्या ठेवली. केमिस्टाच्या दृष्टीने माल संपला म्हणजे संपला. त्याने एकदा दुसऱ्या वितरकाला फोन लावला की तो उरलेली दहा औषधेही त्याच बिलात घेऊन मोकळा होतो.

सूत्र कमी पडते ती जागा

वरील सूत्र असे गृहीत धरते की पुरवठ्याच्या काळातील एकूण मागणी घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्रावर पसरलेली आहे. आपल्या वीस ऑर्डरी तशा नाहीत. बहुतेक चार ते सहा दिवसांच्या गठ्ठ्यात आहेत, आणि थोड्या दूर कोपऱ्यात एकट्या. असा पसारा असेल तर सूत्राने दिलेले पंचाण्णव टक्के प्रत्यक्षात मिळतात का, हे पडताळण्याचा सोपा उपाय आहे, आणि तो सूत्रापेक्षा अधिक भरवशाचा आहे असे मी मानतो. प्रत्येक जुन्या ऑर्डरीचा काळ एकेका ओळीत लिहावा, तेवढे दिवस लागले तर साठा संपण्याची शक्यता किती हे शेजारी काढावे, आणि त्या स्तंभाची सरासरी घ्यावी. A स्तंभात ऑर्डरींचे दिवस आणि D1 मध्ये आपण ठरवलेली मर्यादा असेल तर ओळ अशी होते.

```
=1-NORM.DIST($D$1, 42*(6+A2), 20*SQRT(6+A2), TRUE)
```

मूळ वीस ऑर्डरींवर आणि ७११ च्या मर्यादेवर हे चालवले तेव्हा सहा किंवा त्याहून कमी दिवसांत आलेल्या सोळा ऑर्डरींत साठा संपण्याची शक्यता जवळजवळ शून्य आली. १२ दिवसांच्या ऑर्डरीत ती ७० टक्के, ११ दिवसांच्या ऑर्डरीत ५१ टक्के, १० ला ३१ आणि ९ ला १५ टक्के निघाली. सगळ्यांची सरासरी ८.४ टक्के. म्हणजे सूत्राने पंचाण्णव टक्क्यांची हमी दिली होती आणि हाती साडेएक्याण्णव पडत होते. खरे पंचाण्णव मिळवायचे तर मर्यादा ७११ ऐवजी सुमारे ७५६ ठेवावी लागली असती. धनादेश वेळेवर गेल्यावरच्या सुधारलेल्या यादीवर तोच स्तंभ चालवला तेव्हा पंचाण्णव टक्क्यांसाठी ६६० पुरेसे झाले. जवळजवळ शंभर स्ट्रिपचा हा फरक शनिवारी दहा मिनिटे देणी पाहण्यामुळे पडला.

मग पंचाण्णवच का, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर नफ्यातोट्यातून काढले. वितरकाला स्ट्रिप सुमारे ११० रुपयांना पडते. हे औषध किंमत नियंत्रणाखाली असल्याने घाऊक विक्रेत्याला व्यापारात साधारण ८ टक्के सुटतात, म्हणजे स्ट्रिपमागे नऊ रुपये. पैसा अडकण्याचा खर्च महिन्याला एक टक्का धरला तर एक स्ट्रिप आठवडाभर ठेवायला पंचवीस-अठ्ठावीस पैसे लागतात. नऊ रुपयांची विक्री बुडण्याच्या तुलनेत पाव रुपया म्हणजे सुमारे तीन टक्के. तेव्हा साठा संपण्याची शक्यता तीन टक्क्यांवर येईपर्यंत स्ट्रिप वाढवत जाणे परवडते. त्या पातळीसाठी मर्यादा ७०० लागते. ६६० आणि ७०० यांतील चाळीस स्ट्रिपची किंमत ४,४०० रुपये होते, आणि त्यावर मालकांनी फारशी चर्चा न करता सातशे मान्य केले. बुडालेल्या विक्रीसोबत गिऱ्हाईकही जाते, ते नुकसान या हिशेबात मुद्दाम धरलेले नाही. त्याचा खरा आकडा कोणीच देऊ शकत नाही, आणि खोटा धरला की कोणतीही मर्यादा योग्य ठरवता येते.

माल मुदतबाह्य होण्याची भीती मालकांनी एकदा बोलून दाखवली. सातशे स्ट्रिप हा दिवसाला बेचाळीसच्या वेगाने सतरा दिवसांचाही माल नाही, आणि खोक्यावर बहुतेक वेळा वर्षाहून अधिक मुदत शिल्लक असते. तेव्हा या मालात ती भीती लागू नाही. मात्र माल उशिरा येतोय म्हणून घाबरून तीच ऑर्डर दुसऱ्यांदा टाकली आणि दोन्ही गाड्या एकाच दिवशी आल्या, तर ती लागू होते. मार्चमध्ये असे एकदा झाले होते.

तीच पट्टी सगळ्या मालाला नाही

प्रतिजैविकाचा हिशेब संपल्यावर मुलगा तेच सूत्र सगळ्या मालावर लावायला निघाला होता. त्याला थांबवावे लागले. शीतपेटीत २ ते ८ अंश सेल्सिअसवर ठेवलेले अँटी-डी इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन महिन्याला सहाच्या आसपास खपते. सहा दिवसांचे अंतर आणि सहा दिवसांचा पुरवठा धरला तर त्या बारा दिवसांत सरासरी तीन इंजेक्शने लागतात. इतक्या कमी खपाला प्रसामान्य वक्र शोभत नाही; एकेक करून येणाऱ्या तुरळक मागणीसाठी पॉयसाँ वितरण घ्यावे लागते. त्यात मागणी पाच किंवा त्याहून कमी राहण्याची शक्यता ९१.६ टक्के आणि सहा किंवा कमी राहण्याची ९६.६ टक्के येते. स्प्रेडशीटमध्ये POISSON.DIST(6,3,TRUE) लिहिले की हाच आकडा मिळतो.

पण येथे सहावर थांबावे का, हे नऊ रुपयांच्या नफ्यावरून ठरत नाही. आरएच-निगेटिव्ह आईला आरएच-पॉझिटिव्ह मूल झाले तर हे इंजेक्शन प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत द्यायचे असते. ६२५ च्या गोळीचा एक ब्रँड नसला तर त्याच घटकांचा दुसरा ब्रँड गावात मिळतो. याला पर्यायी औषध नाही. म्हणून त्याची मर्यादा आठ ठेवली. त्यामुळे साठा संपण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. एखादे इंजेक्शन मुदत संपून परत करावे लागले तर तो खर्च वितरकाने सोसायचा, हे आधीच मान्य करून घेतले. एका पट्टीने सगळा माल मोजणारे वितरक नेमके उलटे करतात : जास्त खपाच्या मालात पैसा ओततात, आणि ज्याला पर्याय नाही त्याचा एकच डबा ठेवतात.

महापूर या हिशेबात घेतला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले आणि रस्ते बंद पडले. तसा खंड बारा दिवसांच्या चढउतारात मोडत नाही. तो पुरवठ्याच्या यादीत घातला असता तर एकाच नोंदीने विचलन कित्येक पट वाढले असते, आणि त्या भीतीपोटी वर्षभर फाजील माल राहिला असता. धरणांतून विसर्ग वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या की कोणता माल आधी भरायचा आणि कोणता वरच्या मजल्यावर हलवायचा, याची यादी वेगळी केली आहे. पावसाळ्यातला नेहमीचा वाढीव खप मात्र हिशेबात आहे. मागच्या वर्षी जुलै ते सप्टेंबरमध्ये, माल असलेल्या दिवसांत, केमिस्टांची रोजची मागणी ५८ होती. मागणीसोबत तिचे चढउतारही त्याच प्रमाणात वाढतात असे धरून त्या तीन महिन्यांसाठी मर्यादा ९७० केली.

जुलै ते सप्टेंबर या काळात तेरा ऑर्डरी गेल्या. त्यांपैकी बारा चार ते सहा दिवसांत आल्या, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातील एक ११ दिवसांनी आली. त्या वेळी पैसे थकलेले नव्हते, भिवंडीतच माल नव्हता. एक दिवस गोदामात स्ट्रिप नव्हती. ९७० च्या मर्यादेवर सतरा दिवसांच्या ९८६ स्ट्रिपची अपेक्षित मागणी आली की हे होणारच होते. वीस नोंदींच्या यादीत उशिराच्या दोनच ऑर्डरी उरल्या होत्या, आणि एवढ्या थोड्या नोंदींवरून काढलेला तीन टक्क्यांचा आकडा काटेकोर मानायचा नसतो. तेरा नव्या नोंदी जोडून, उशिराच्या तीन ऑर्डरी धरून, ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी दिवसाला ४२ स्ट्रिपच्या मागणीवर तो स्तंभ पुन्हा चालवला. तीन टक्क्यांची मर्यादा सातशेऐवजी ७१० आली, आणि त्या सोमवारच्या ऑर्डरीत दहा स्ट्रिप वाढवल्या.